बटाटा-कांद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेमका किती माल बसतो? क्रेट, थप्पी आणि गल्लीचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंचर, खेड, जुन्नर, शिरूर या पट्ट्यात शेडमध्ये चेंबर उभं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती टनाचं होईल?’ असाच येतो. त्याचं उत्तर घनफळाला एका आकड्याने भागून मिळतं, असा समज आहे. इथली उत्तरं एकाच उदाहरणाभोवती आहेत: ४० बाय ३० फुटांची शेड, प्लास्टिकच्या क्रेटमधला बटाटा, लाकडी पॅलेट आणि पॅलेट उचलून एकावर एक ठेवणारा, हाताने चालवायचा इलेक्ट्रिक स्टॅकर. कांद्याबद्दलचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

चेंबरचं घनफळ भागिले ३.४ केलं की टन मिळतात ना?

अनुदानाच्या कागदावर मिळतात. सरकारी निकषात १ टन साठवणुकीला ३.४ घनमीटर चेंबर धरतात आणि प्रकल्प अहवालात तोच आकडा चालतो. उंच चेंबरमध्ये मजले-मजले करून पोती रचली तर त्याच्या जवळ जाता येतं. क्रेट, पॅलेट आणि स्टॅकरची गल्ली आली की हा आकडा पार कोलमडतो.

आपल्या उदाहरणात आतलं घनफळ ५३६ घनमीटर आहे. ३.४ ने भागलं तर १५८ टन. सरळ मांडणी करून मोजलं तर प्रत्यक्षात ६० टन बसतात. बँकेला १५८ टनाचं भाडं दाखवून हप्ता ठरवला आणि माल ६० टनच बसला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. अनुदानासाठी कागदावरची क्षमता आणि धंद्यासाठी मोजलेली क्षमता हे दोन आकडे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

मग मोजायला सुरुवात कुठून करायची?

क्रेटपासून. बाजारात सर्रास दिसणारी भाजीची जाळीदार क्रेट बाहेरून साधारण ५४ सेंमी लांब, ३६ सेंमी रुंद आणि २९ सेंमी उंच असते. एकावर एक ठेवली की वरच्या क्रेटचा तळ खालच्या काठात थोडा बसतो, म्हणून थर चढतो २८ सेंमीचा. १२ थरांच्या थप्पीत हा एक-एक सेंटिमीटर मोजावा लागतो.

बाहेरच्या मापावरून वजन काढू नका. आतली लांबी-रुंदी साधारण ५०.५ बाय ३२.५ सेंमी भरते. क्रेट काठोकाठही भरायची नाही, कारण काठाच्या वर आलेल्या बटाट्यावर वरची क्रेट टेकते आणि सगळा भार बटाट्यावर जातो. वर दोन-तीन बोटं जागा सोडली की आत २४ सेंमी उंचीचा माल राहतो. सुटा बटाटा घनमीटरला ६५० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे क्रेटमध्ये २५ किलो. गोळीचा आकार आणि जात बदलली की हा आकडा थोडा हलतो, म्हणून स्वतःच्या मालाच्या १० क्रेट काट्यावर ठेवून सरासरी घ्या.

चेंबर उघडल्यावर वरून दुसऱ्या थरातली एक क्रेट काढून बघा. बटाट्यांच्या पाठीवर चपटे, गोलसर दाब दिसले तर क्रेट जास्त भरल्या आहेत. तिथली साल काळवंडते आणि सडही तिथूनच धरते.

क्रेट कुठलीही घेतली तर फरक पडतो का?

पॅलेटवर ठेवणार असाल तर खूप पडतो. १२० बाय १०० सेंमीच्या पॅलेटवर ५४×३६ च्या क्रेट एका थरात ५ बसतात: ३ एका बाजूला आडव्या, २ दुसऱ्या बाजूला उभ्या. त्या मिळून १०८×९० सेंमी जागा घेतात, बाकीची पॅलेट रिकामी राहते.

आता ६०×४० ची क्रेट घ्या. तीही एका थरात ५ च बसते, पण पॅलेट काठापर्यंत भरते. संख्या तीच आणि प्रत्येक क्रेटमध्ये माल जास्त: साधारण ३१ किलो. त्याच पॅलेटवर, त्याच गल्लीत, त्याच भाड्यात पाचव्या हिश्शाहून जास्त माल वाढला.

मग सगळे मोठी क्रेट का घेत नाहीत? ३१ किलो बटाटा आणि दोन-अडीच किलोची क्रेट दिवसभर उचलायला हमाल तयार होत नाहीत, आणि तयार झाले तर दुपारनंतर आपटायला लागतात. आपटलेला बटाटा साठवायचा नसतो. शिवाय शेतातून टेम्पोने येणाऱ्या क्रेट बहुतेक ५४×३६ च्याच असतात. दोन मापं एका चेंबरमध्ये मिसळली तर थप्पी नीट बसत नाही. म्हणून पुढचं उदाहरण छोट्या क्रेटवरच केलं आहे.

थप्पी किती उंच घ्यायची? छत ५ मीटर आहे.

छत ५ मीटर असलं तरी माल ५ मीटरपर्यंत जात नाही. कूलिंग युनिट छताला टांगलेलं असतं आणि खाली जवळपास १ मीटर येतं. त्याची थंड हवा मालाच्या वरून पलीकडच्या भिंतीपर्यंत जायला हवी, तिथून खाली उतरून मालातून परत यायला हवी. थप्पीचा माथा युनिटच्या तळाच्या खालीच राहिला पाहिजे.

पॅलेटची उंची १५ सेंमी धरा, तीवर क्रेटचे ६ थर. क्रेट १६९ सेंमी, पॅलेटसह १८४. अशा दोन पॅलेट एकावर एक म्हणजे ३६८ सेंमी. वर १३२ सेंमी उरतात: युनिटचा १ मीटर आणि त्याच्या खाली हवेला ३२ सेंमी. बरोबर बसतं.

७ थर घेतले तर? दोन पॅलेट ४२४ सेंमीवर जातात आणि वर ७६ सेंमीच उरतात. थप्पी युनिटच्या तोंडासमोर येते. हवा पहिल्या रांगेवर आपटते, तिथले बटाटे गारठतात आणि पलीकडच्या भिंतीजवळचा माल उबदार राहतो. उंची नेहमी अशा टप्प्यांनी चढते. छत थोडं वाढवून कधी एक किलोही वाढत नाही, आणि भलत्या ठिकाणी थोडं कमी केलं तर अख्खा थर जातो.

खालच्या क्रेटवर किती भार येतो? फुटणार नाही ना?

बटाटा २५ किलो आणि क्रेट २ किलो, एकूण २७. सगळ्यात खालच्या क्रेटवर ११ क्रेट असतात, म्हणजे २९७ किलो, आणि वरच्या पॅलेटचा वाटा मिळून ३०० च्या पुढे. क्रेट विकणाऱ्याकडून थप्पीचा भार किती सोसते ते लेखी घ्या आणि ३०० च्या बराच वरचा आकडा मागा. नव्या क्रेटला हा भार फारसा जड नाही. दोन-चार हंगाम उन्हात पडलेल्या क्रेटचा मात्र भरवसा नाही. कोपरा बोटांनी दाबल्यावर पांढरी रेघ उमटली तर ती क्रेट खालच्या थरात लावायची नाही.

या क्रेट कोपऱ्यावर कोपरा ठेवूनच रचायच्या. पोत्यांसारखी आडवी-उभी सांधेजोड इथे चालत नाही, कारण भार कोपऱ्यांतून उतरतो. वरच्या दोन थरांना पट्टा बांधला की पुरे.

आता ४० बाय ३० फुटांच्या शेडमध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवा.

४० बाय ३० फूट म्हणजे बाहेरून १२.१९ बाय ९.१४ मीटर. चारही बाजूंना १० सेंमीचं पफ पॅनेल लावलं की आत ११.९९ बाय ८.९४ उरतं. मोजायचं ते हेच. जुन्या शेडमध्ये लोखंडी खांब आत आलेले असतील तर खांबापासून खांबापर्यंत मोजा.

भिंतीपासून माल ३० सेंमी लांब ठेवायचा, हवा खाली उतरायला. दोन पॅलेटमध्ये १० सेंमी. मधली गल्ली २.४ मीटर, कारण या प्रकारच्या स्टॅकरला पॅलेट घेऊन काटकोनात वळायला साधारण तेवढी लागते. तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला असतो, तोच घ्या. डिझेल किंवा बॅटरीवरचं बसून चालवायचं फोर्कलिफ्ट असेल तर गल्ली साडेतीन मीटरवर जाते आणि या शेडचा विचारच सोडावा लागतो.

रुंदी ८.९४ मधून भिंतींचे ०.६ आणि गल्लीचे २.४ गेले. उरले ५.९४, म्हणजे गल्लीच्या दोन्ही बाजूंना २.९७. पॅलेटची १.२ मीटरची बाजू आत धरली तर दोन पॅलेटना १.२ + ०.१ + १.२ = २.५ मीटर लागतात. बसतात, आणि ४७ सेंमी वाया जातात. १ मीटरची बाजू आत धरून तीन बसवायचा प्रयत्न केला तर ३.२ मीटर लागतात. २३ सेंमी कमी पडले.

लांबीत ११.९९ मधून भिंतींचे ०.६ गेले, उरले ११.३९. पॅलेटची १ मीटरची बाजू आणि १० सेंमी अंतर धरून १० पॅलेट बसतात.

एका बाजूला २×१०, दोन्ही बाजूंना मिळून ४० जागा. दोन मजले, ८० पॅलेट. पॅलेटला ३० क्रेट, एकूण २,४०० क्रेट. २५ किलोने ६० टन. वर म्हटलेले ६० टन ते हेच.

शेड तीच ठेवून माल वाढवता येतो का?

येतो, गल्ली मधोमध नको. दोन्ही बाजूंना मिळून ५.९४ मीटर आहेत ना? एका बाजूला तीन पॅलेट (३.२ मीटर) आणि दुसऱ्या बाजूला दोन (२.५ मीटर) घ्या. बेरीज ५.७, बसतात. तीनच्या बाजूला पॅलेटची १.२ मीटरची बाजू लांबीत येते, म्हणून तिथे १० ऐवजी ८ पॅलेट. ३×८ = २४ आणि २×१० = २०. झाल्या ४४ जागा, म्हणजे ६६ टन.

दरवाजा मध्यापासून सुमारे ३५ सेंमी बाजूला घेतल्याचे हे ६ टन. पॅनेल कापण्याआधी ठरवलं तर हा बदल फुकट आहे, नंतर ठरवला तर दरवाजाच उखडावा लागतो. फक्त पॅलेटमध्ये स्टॅकरचे काटे लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांनी शिरायला हवेत. साध्या दुबाजू पॅलेटवर ही मांडणी जमत नाही. स्टॅकरच्या पायांना पॅलेटचा तळपट्टा आडवा येत नाही ना, हेही एक पॅलेट समोर ठेवून तपासा.

शेड नवीनच बांधायची आहे. मग काय माप घ्यावं?

४० बाय ३० हे माप बोलायला सोपं आहे, एवढीच त्याची खासियत. लांबीत एक फूट आणि रुंदीत दोन फूट वाढवा: ४१ बाय ३२. आत १२.३० बाय ९.५५ मीटर मिळतात. आता भिंती आणि गल्ली वजा करून प्रत्येक बाजूला ३.२७ उरतात, दोन्हीकडे तीन-तीन पॅलेट बसतात. लांबीत ११.७ मीटरमध्ये १.२ च्या बाजूने ९ पॅलेट (११.६ मीटर लागतात). ३×९×२ = ५४ जागा, १०८ पॅलेट, ३,२४० क्रेट, ८१ टन.

बांधकामाचं क्षेत्र १,२०० चौरस फुटांवरून १,३१२ वर गेलं, म्हणजे साधारण ९ टक्के. माल ३५ टक्के वाढला. पण रेखांकनात राखलेली जागा फार थोडी आहे. ठेकेदाराने १० ऐवजी १५ सेंमीचं पॅनेल लावलं, किंवा भिंतीला स्टॅकर घासू नये म्हणून आतून जाड ओटा केला, की एक पूर्ण रांग जाते. म्हणून ‘आतून पूर्ण झालेलं माप’ हे शब्द करारात घाला आणि फरशीवर खडूने पॅलेटचे चौकोन आखूनच जागा ताब्यात घ्या.

हंगामात माल जास्त आला तर गल्लीतही भरतात. त्यात चूक काय?

४० बाय ३० च्या उदाहरणात गल्ली भरली तर २० टनांच्या वर माल वाढतो, म्हणून मोह होतोच. पण हवा परत युनिटकडे येते ती बहुतांशी गल्लीतूनच. ती बंद झाली की यंत्र स्वतःजवळची गार हवाच फिरवत राहतं. डिस्प्लेवर ४ अंश दिसतात आणि मधल्या थप्पीच्या पोटात ९ असतात.

बटाटा श्वास घेतो आणि उष्णता सोडतो. थप्पीच्या पोटात ऊब आणि कोंडलेली हवा राहिली की मधला माल कोंब धरतो, आणि ऑक्सिजन कमी पडला तर बटाट्याचा गाभा काळा पडतो. बाहेरून साल छान दिसते, चिरल्यावर कळतं, म्हणजे ग्राहकाच्या घरी. एक सडका बटाटा पाणी सोडू लागला तर तिथवर पोचायलाही वाट नसते.

तपासायला खर्च फार नाही. तारेचे तीन सेन्सर घ्या: एक युनिटच्या परतीच्या तोंडाशी, एक मधल्या पॅलेटच्या खालच्या थरात बटाट्यांच्या आत, एक दाराजवळ वरच्या थरात. माल गार झाल्यावर तिन्हीत दीड-दोन अंशांपेक्षा जास्त फरक टिकून राहिला तर मांडणीत हवा अडते आहे. यंत्र मोठं करून ते सुटत नाही.

मशीन १० टनाचं घेतलं तर रोज १० टन माल टाकता येईल?

नाही. यंत्राचा ‘टन’ वेगळा, तो थंडाव्याचा टन आहे: १ टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट. मालाच्या वजनाशी त्याचा थेट संबंध नाही.

बटाटा रोज किती भरायचा याचा साधारण वेग एकूण क्षमतेच्या ४ ते ५ टक्के धरतात. ६६ टनाच्या चेंबरला रोज ३ टनांच्या आसपास. रब्बीचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, ऊन चढलेलं असतं. दुपारी काढलेला माल तसाच आत ढकलला तर आधी गार झालेला मालही पुन्हा तापतो आणि त्याला पाणी सुटतं. संध्याकाळपर्यंत सावलीत ठेवा, रात्रीची हवा लागू द्या, सकाळी आत घ्या. एकदम सगळा माल भरायचा असेल तर यंत्र त्या हिशोबाने मोठं घ्यावं लागतं, आणि मग वर्षभर विजेचं बिलही त्याच हिशोबाने येतं.

चिप्सचा बटाटा आणि भाजीचा बटाटा एकाच चेंबरमध्ये ठेवला तर?

क्षमता तीच राहते, पण तापमान जुळत नाही. बियाणं आणि भाजीचा बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात. तेवढ्या थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर चिप्स लालसर-काळे पडतात. प्रक्रियेचा माल १०–१२ अंशांवर ठेवतात आणि कोंब रोखायला वेगळी सोय लागते. सातगाव पठारावरून दोन्ही प्रकारचा माल येणार असेल तर ६६ टनाचं एक चेंबर करण्यापेक्षा दोन छोटी करा. मात्र दुसरी गल्ली आणि दुसऱ्या भिंती आल्या की एकूण टन कमी होतात, ते दर ठरवतानाच धरा.

हाच हिशोब कांद्याला लागू होतो का?

मांडणी तीच, वजन कमी. कांदा बटाट्यापेक्षा हलका भरतो, त्याच क्रेटमध्ये २२ किलोच्या आसपास. ४४ जागांच्या मांडणीत २,६४० क्रेट, म्हणजे ५८ टन. जाळीदार क्रेटच घ्यायची, बंद बाजूंची नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे: गरवा कांदा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा का? कांद्याला ० ते २ अंश आणि ६५–७० टक्के आर्द्रता हवी. चेंबरमध्ये तो छान टिकतो, पण बाहेर काढल्यावर उष्ण हवेत त्याला घाम सुटतो आणि थोड्याच दिवसांत कोंब येतात. चाकणच्या बाजारात ओल्या मानेचा कांदा आणला तर आडते भाव पाडतात. म्हणून काढल्या काढल्या विकायची सोय असेल, किंवा बाहेर काढण्याआधी हळूहळू तापमान वाढवून वारा द्यायला जागा असेल, तरच चेंबर. ती जागाही चेंबरच्या बाहेर मोजून ठेवावी लागते. बाकीच्यांना नीट बांधलेली हवेशीर कांदाचाळच परवडते. चाळीत ढीग ५ फुटांच्या वर नेऊ नका, खालचा कांदा दबतो. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय जवळच आहे, चाळीची रचना तिथे जाऊन पाहता येते.

अर्ध्या चेंबरमध्ये बटाटा आणि अर्ध्यात कांदा चालेल?

चालणार नाही. बटाट्याला ९० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, कांद्याला कोरडी हवा. एकत्र ठेवले तर एक तरी सुकतो किंवा दुसरा सडतो, आणि बटाट्याला कांद्याचा वास लागतो तो वेगळाच.